राखेतली मांडीची हाडं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला धर्माचं पुरातत्त्व हा विषय होता. त्यासाठी प्रत्येकाने एक शोधनिबंध लिहायचा होता. एखादं उत्खनित पवित्र स्थळ घ्यायचं आणि तिथे नेमका कोणता विधी होत होता, हे थर आणि अवशेष यांवरून दाखवायचं. मॅडमनी एकच अट घातली होती. जुन्या ग्रंथात त्या जागेबद्दल काय लिहिलंय ते शेवटच्या पानापर्यंत आणायचं नाही. आधी माती काय सांगते ते लिहा, मग ग्रंथ उघडा.

ही अट किती कडक आहे ते लिहायला बसल्यावर कळलं. एरवी आपण आकारावरून बोलतो. मातीची बाई दिसली की मातृदेवता, उंच ओटा दिसला की वेदी, खड्ड्यात राख दिसली की यज्ञकुंड. पण मातीची बाई लहान मुलीचं खेळणंही असू शकते आणि राख तर प्रत्येक चुलीत असते. म्हणून मी मुद्दाम अशी जागा निवडली जिथे देऊळ नाही, जवळजवळ नुसती राखच आहे. ग्रीसमधल्या आर्केडियातला लिकाइऑन पर्वत. त्याच्या दक्षिणेकडच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३८० मीटर उंचीवर, झ्यूस या ग्रीक देवाची राखेची वेदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुरुनिओतिस यांनी ती खणली. मग २००४ पासून डेव्हिड रोमानो आणि मेरी व्होयाट्झिस यांच्या नेतृत्वाखाली ग्रीक आणि अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तिथे नव्याने काम सुरू केलं. माझा सगळा निबंध त्यांच्या प्रकाशित अहवालांवर उभा आहे.

पहिलं काम म्हणजे थर वाचणं. शिखर चुनखडीच्या खडकाचं आहे. वाऱ्यापावसाने धुऊन निघणाऱ्या अशा टोकावर आपोआप माती साठत नाही. तरीही तिथे वेदीच्या जागी खडकापर्यंत सुमारे दीड मीटर जाडीचा काळसर, राखेने भरलेला थर मिळाला. म्हणजे एवढा सगळा ऐवज माणसाने वर नेला किंवा वर जाळला. वस्तीतही राख साठते, म्हणून पुढचा प्रश्न वस्तीचा होता. वस्ती असेल तर राखेबरोबर भिंती, सारवलेली जमीन, पुन्हापुन्हा बांधलेल्या चुली असं काहीतरी हवं. इथे राखेच्या आत घरांचं बांधकाम नाही. राख, दगड, खापरं आणि हाडांचे लाखोंनी नसले तरी मोजदाद करून थकावं इतके तुकडे, मुख्यतः एवढंच आहे.

इथे एक अडचण आहे आणि ती निबंधात मी सविस्तर मांडली. आपण थर म्हटलं की खालचं जुनं आणि वरचं नवं असं गृहीत धरतो. पण राखेचा ढीग हा शांतपणे साचणारा गाळ नाही. प्रत्येक नवी आग पेटवताना जुनी राख उकरली जाते, वाऱ्याने उडते, उतारावरून घसरते. लिकाइऑनच्या राखेत नवाश्मयुगाच्या अखेरच्या खापरांपासून थेट अलेक्झांडरनंतरच्या हेलेनिस्टिक काळापर्यंतची खापरं आहेत आणि ती नेहमी सरळ क्रमाने येत नाहीत. अशा ठिकाणी खापरावरून थराची तारीख ठरवणं धोक्याचं असतं. थर किती मिसळलाय हे ओळखायच्या काही खुणा आहेत. एकाच भांड्याचे जुळणारे तुकडे वेगवेगळ्या खोलीवर मिळाले तर मिसळ झालेली आहे. खापराच्या कडा गोल झिजलेल्या असतील तर ते बराच काळ इकडेतिकडे लोळलेलं आहे, धारदार असतील तर पडल्या जागी राहिलेलं असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे अमुक थर म्हणजे अमुक शतक अशी मांडणी मी केलीच नाही. पूर्ण ढीग हा एक लांबलचक काळ धरला आणि त्यातल्या ज्या वस्तूची स्वतःची तारीख काढता येते तिच्यावर भर दिला. ती वस्तू म्हणजे हाडं.

ब्रिट स्टारकोविच यांनी या हाडांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या निष्कर्षाचा गाभा असा: हाडं जवळजवळ सगळी जळालेली आहेत. ओळखता आलेल्या हाडांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शेळ्यामेंढ्यांची आहेत. आणि त्यात शरीराचे जेमतेम तीनच भाग भरून आहेत: मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी आणि शेपटीचे मणके.

हे वाक्य मी वाचलं आणि निबंध कुठे जाणार ते मला दिसलं. शेळीला चार पाय असतात. मांडीची हाडं दोन, तशी दंडाची हाडंही दोनच. बरगड्या सव्वीसच्या आसपास. दात तर भरपूर, आणि ते सगळ्यात टणक. अख्खी शेळी आगीत टाकली असती तर हे सगळं राखेत मिळायला हवं होतं. शेळी कापून, शिजवून, खाऊन उरलेली हाडं शेकोटीत फेकली असती तरीही बरगड्या, खांदे, पायाच्या नळ्या दिसायला हव्या होत्या. यातलं काही जवळपास नाही. म्हणजे आगीपर्यंत काय न्यायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि ही निवड शतकानुशतकं तशीच चालू राहिली. पुरातत्त्वात विधी ओळखायचा तर मला यापेक्षा भक्कम आधार माहीत नाही. एखादी वस्तू सुंदर किंवा विचित्र आहे म्हणून ती विधीची ठरत नाही. तीच कृती, त्याच जागी, त्याच नियमाने पुन्हापुन्हा झालेली दिसली की बोलायला जागा होते.

पण मॅडमनी पहिल्याच मसुद्यावर लाल पेनने लिहिलं, "ही निवड माणसाने केली की मातीने?" प्रश्न अगदी रास्त होता. जमिनीत सगळी हाडं सारखी टिकत नाहीत. घट्ट हाड टिकतं, सच्छिद्र हाड विरघळतं, कुत्री मऊ टोकं चावून नेतात. मग मांडीचं हाडच जास्त दिसतंय ते टिकाऊ आहे म्हणून तर नव्हे ना?

हे तपासायची रीत ठरलेली आहे. शेळ्यामेंढ्यांच्या प्रत्येक हाडाची घनता मोजून ठेवलेली आहे. नुसत्या टिकाऊपणाच्या जोरावर काही उरणार असेल तर दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक, पोटरीच्या हाडाचं घोट्याकडचं टोक, खालचा जबडा आणि दात आधी उरायला हवेत. मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं त्यांच्या तुलनेत हलकी असतात. शेपटीचे मणके तर इवलेसे आणि नाजूक. म्हणजे लिकाइऑनला जे उरलंय ते घनतेच्या क्रमाच्या उलट आहे. जे टिकायला नको ते भरपूर आहे आणि जे टिकायलाच हवं ते नाही. हा उलटा क्रम माती किंवा कुत्री घडवू शकत नाहीत. एक शंका मात्र मी तशीच ठेवली. गुडघ्याची वाटी लहान आणि गोटीसारखी असते, आगीत फुटली नाही तर एका नजरेत ओळखू येते, उलट लांब हाडाच्या मधल्या भागाचे तुकडे कुठल्या पायाचे हे सांगणं अवघड. ओळखण्याच्या सोपेपणामुळे वाट्यांचा आकडा थोडा फुगू शकतो. पण त्याने दातांची गैरहजेरी समजावता येत नाही, कारण दातही तितक्याच सहज ओळखू येतात.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे चाळण. शेपटीचा मणका बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो आणि जळून पांढरा झाला की आणखी आक्रसतो. माती नुसत्या हाताने उचलली तर तो राखेबरोबर टोपलीत जातो आणि टोपलीबरोबर ढिगाऱ्यावर. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या उत्खननात शेपटीची हाडं मिळाली नाहीत असं वाचलं तर त्यावरून काहीही ठरवू नये. नसणं हा पुरावा तेव्हाच होतो जेव्हा शोधणाऱ्याने ते सापडेल अशा पद्धतीने शोधलेलं असतं.

हाडांबद्दल एवढं वाचूनही मला एक गोष्ट हाताने करून पाहायची होती. आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी बकरं पडतं. त्या दिवशी मी मुलाणी चाचांकडे बसले आणि मागचा पाय न तोडता अख्खा मागून घेतला. गुडघ्यातून पाय वेगळा करताना वाटी कुठल्या बाजूला राहते ते मला बघायचं होतं. चाचांनी सांध्यात सुरी घातली, पोटरीचा भाग खाली सुटला, आणि वाटी मांडीच्या टोकाला चिकटून वरच राहिली. मी विचारलं, नेहमी असंच होतं का? ते म्हणाले, "वाटी मांडीसंगंच येती पोरी. तिला येगळी काढायची म्हंजी मुद्दाम सुरी चालवाया लागती."

राखेत मांडीबरोबर वाटी का येते याचं उत्तर इथे होतं. कोणी वाटी म्हणून वेगळी अर्पण केली असं मानायची गरज नाही. मांडी गुडघ्यातून सोडवली, वरचं मांस उतरवून घेतलं, आणि उरलेलं हाड स्नायूच्या धाग्यांनी लटकलेल्या वाटीसकट आगीत गेलं. कापण्याची रीत आणि अर्पणाची रीत यात फरक करायला हवा, आणि तो फरक मला अहवालापेक्षा चाचांच्या ओट्यावर स्पष्ट दिसला.

मग दादाने, माझ्या चुलतभावाने, शेताच्या बांधावर लाकडं रचून दिली. मांस उतरवलेलं मांडीचं हाड आतल्या चरबीच्या पडद्यात गुंडाळून आम्ही पेटत्या लाकडांवर ठेवलं. आधी धूर आला, मग चरबीने पेट घेतला आणि ज्वाळा एकदम वर उठल्या. चरबी हे स्वतःच इंधन आहे हे डोळ्यांनी पाहिलं की लक्षात राहतं. हाड आधी तपकिरी झालं, मग कोळशासारखं काळं, मग कडेने राखाडी, आणि आग चांगली भडकली होती तिथे खडूसारखं पांढरं. पांढरा रंग साधारण ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या वर येतो, तेव्हा हाडातला सगळा सेंद्रिय भाग जळून फक्त खनिज उरलेलं असतं. थंड झाल्यावर पाहिलं तर हाड किंचित वाकलं होतं आणि त्यावर आडव्या, कमानीसारख्या भेगा होत्या. ओलं, ताजं हाड जळताना अशा भेगा जास्त दिसतात. सुकलेलं जुनं हाड बहुधा सरळ तडकतं. हा फरक शंभर टक्के भरवशाचा नाही, थोडाफार वाकलेपणा सुक्या हाडातही येऊ शकतो, पण ढीगभर हाडांत एकाच प्रकारच्या भेगा असल्या तर बोलता येतं. शेपूटही आम्ही ठेवलं होतं. आगीत त्याचे स्नायू आखडले आणि ते वर वळलं. ग्रीक भांड्यांवरच्या बळीच्या चित्रांत वेदीवरच्या ज्वाळांमधून वर वळलेलं शेपूट काढलेलं असतं, ते चित्रकाराने पाहिलेलं होतं हे मला तेव्हा पटलं.

त्याच दिवशी गावातल्या विधीने मला एक इशाराही दिला. आमच्या देवाला पुरणपोळीचा नैवेद्य असतो. बकरी देवळापासून लांब, शेतात कापतात, मटण घरी आणि पाहुण्यांत संपतं, हाडं कुत्री नेतात. उद्या कोणी आमच्या देवळाच्या आवारात खणलं तर त्याला बकऱ्याचं हाड मिळणार नाही, आणि आमच्या जत्रेत बळी नव्हताच असं तो लिहील. विधी एका जागी होतो आणि त्याची खूण दुसऱ्या जागी पडते. लिकाइऑनच्या वेदीवर मांडी आणि शेपूट आहे, पण उरलेली शेळी कुठे गेली हा प्रश्न मी म्हणून निबंधात घातला. वेदीवर मद्य पिण्याचे उंच दांड्याचे पेले, कायलिक्स, तुकड्यांनी मिळाले आहेत; ते मायसीनी, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगाच्या उत्तरार्धातले आहेत. म्हणजे आगीपाशी पिणं होत होतं. मांसल भाग माणसांच्या वाट्याला गेले असणार, आणि त्यांची न जळालेली हाडं वेदीबाहेर शोधायची. वेदीतलं हाड देवाचा वाटा सांगतं. माणसांचा वाटा शोधायला खालच्या पवित्र परिसराचे थर वाचावे लागतात.

तारखांचा भाग थोडक्यात सांगते. जळून पांढऱ्या झालेल्या हाडात कोलॅजन हे प्रथिन उरत नाही, आणि हाडाची रेडिओकार्बन तारीख एरवी कोलॅजनवरून काढतात. पण एवढ्या तापमानाला खनिजाचे स्फटिक घट्ट होतात आणि त्यातला कार्बोनेट आत कोंडला जातो, त्यावरून तारीख निघते. फक्त त्या कार्बनमध्ये सरपणाच्या धुरातला काही भाग मिसळलेला असतो. जुन्या झाडाचा ओंडका जाळला असेल तर तारीख जरा मागे सरकते. ही मर्यादा धरूनही लिकाइऑनची जळकी हाडं मायसीनी काळापासून हेलेनिस्टिक काळापर्यंत पसरलेली दिसतात. मायसीनी राजवाडे पडले, लिपी विसरली गेली, तरी शिखरावरची आग सुरू राहिली. मात्र नवाश्मयुगातली खापरं इथे आहेत म्हणून बळीचा विधीही तितकाच जुना असं म्हणता येत नाही. हाडांच्या तारखा तिथवर जात नाहीत. त्या काळात लोक वर येत होते, एवढंच खापर सांगतं. कशासाठी येत होते ते सांगत नाही. लोकप्रिय लेखांत या दोन गोष्टी सर्रास एक केलेल्या असतात आणि मला त्याचा राग येतो.

एवढं लिहून झाल्यावर ग्रंथ उघडायची परवानगी मिळाली. होमरच्या ओडिसीत पायलॉसचा राजा नेस्टर गाय अर्पण करतो, तेव्हा मांडीची हाडं कापून चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळून जाळतात. प्राचीन ग्रीक कवी हेसिओड सांगतो की प्रोमिथियसने झ्यूसपुढे दोन वाटे मांडले आणि झ्यूसने चरबीखाली झाकलेली हाडं उचलली, म्हणून माणसं देवांसाठी हाडं जाळतात. राखेशी हे इतकं जुळतं की भुरळ पडते. पण खुद्द पायलॉसच्या राजवाड्यात मायसीनी काळातल्या जळालेल्या हाडांचे जे गट नंतर नव्याने तपासले गेले, त्यांचा नमुना वेगळा आहे. ती जवळजवळ सगळी गुरांची आहेत, त्यांवर मांस सोडवल्याच्या सुरीच्या खुणा आहेत, आणि त्यात मांडीच्या हाडाबरोबर दंडाचं हाड आणि खालचा जबडा आहे. तोही विधीच होता, तेही देवासाठी जाळलेलंच असणार, पण नियम दुसरा. मी ग्रंथापासून सुरुवात केली असती तर पायलॉसची हाडं मला चुकीची वाटली असती आणि मी त्यांना पंक्तीचा कचरा म्हणून बाजूला सारलं असतं. मॅडमची अट कशासाठी होती ते इथे कळतं.

लिकाइऑनबद्दल आणखी एक ग्रंथगोष्ट प्रसिद्ध आहे. तिथे माणसाचा बळी देतात आणि त्याचं मांस चाखणारा लांडगा होतो, असा उल्लेख प्लेटो करतो. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस वेदीवर गुप्तपणे बळी देतात एवढं सांगतो आणि अधिक चौकशी करावीशी वाटली नाही असं म्हणून थांबतो. २०१६ मध्ये वेदीच्या राखेतच एका किशोरवयीन माणसाचा सांगाडा मिळाल्याचं जाहीर झालं आणि जगभर नरबळीचे मथळे छापून आले. थर आणि मांडणी काय सांगतात ते पाहू. शरीर पूर्व-पश्चिम ठेवलेलं होतं. दोन्ही बाजूंना दगडांच्या रांगा लावलेल्या, कंबरेवर दगडी फरशा. कवटीचा वरचा भाग नाही. आजूबाजूच्या खापरांवरून काळ इ.स.पू. अकराव्या शतकाच्या आसपासचा. आता याची तुलना त्याच राखेतल्या शेळ्यांशी करा. शेळ्यांचे ठरलेले तुकडे केले गेले, जाळले गेले, विखुरले गेले. या माणसाला अखंड ठेवलं आणि त्याच्याभोवती दगड रचले. वागणूक वेगळी आहे, आणि दिसते ती पुरण्याची. वेदीसारख्या जागी पुरणं हे खचितच विशेष आहे, पण त्यावरून बळी सिद्ध होत नाही. त्यासाठी हाडावर मरणाच्या वेळची इजा, शस्त्राची खूण असं काही दाखवावं लागेल. कवटीचा भाग नसणं ही तशी खूण नव्हे. उथळ पुरलेल्या सांगाड्यावर नंतर शतकानुशतकं आग पेटत राहिली आणि राख उकरली गेली, तर वरचा भाग असाही जाऊ शकतो. निबंधात मी या दफनाला "वेदीतलं दफन" एवढंच नाव दिलं.

शेवटचा भाग मॅडमच्या सांगण्यावरून वाढवला. याच कसोट्या आपल्याकडच्या एका राखेला लावून दाखव, असं त्या म्हणाल्या. मी राजस्थानातलं कालीबंगा घेतलं, बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी १९६० च्या दशकात खणलेलं हडप्पा संस्कृतीचं नगर. तिथल्या तथाकथित अग्निवेदींची घडण उत्खनकांनी नीट नोंदवलेली आहे. लांबट किंवा आयताकृती उथळ खड्डा, त्यात आग लावून तिथेच विझवल्याचा कोळसा, मध्ये मातीचा उभा ठोकळा, आणि भोवती भाजलेल्या मातीच्या चपट्या वड्या. नगराच्या तटबंदीतल्या उंच भागाच्या, म्हणजे दुर्गाच्या, दक्षिणेला एका कच्च्या विटांच्या ओट्यावर असे सात खड्डे एका रांगेत आहेत. तिथल्याच दुसऱ्या एका ओट्यावर विहीर आहे आणि भाजक्या विटांनी बांधलेला एक खड्डा, ज्यात गुरांची हाडं आणि शिंगं होती. नगराच्या पूर्वेला एक छोटं टेकाड आहे, तिथे असे खड्डेच आहेत आणि वस्तीच्या खुणा नाहीत. शिवाय खालच्या नगरातल्या कितीतरी घरांतही असाच एकेक खड्डा आहे.

हे सगळं एका शब्दात यज्ञवेदी म्हणून टाकलं जातं. मला ते तीन वेगळे पुरावे दिसतात. ओट्यावरची रांग भक्कम आहे. सात एकसारखे खड्डे एका ओळीत, राहण्याच्या जागेपासून उंच, शेजारी पाण्याची सोय आणि हाडांचा बांधीव खड्डा, इतक्या गोष्टी रोजच्या स्वयंपाकात एकत्र येत नाहीत. पूर्वेचं टेकाडही तसंच, कारण तिथे वस्तीचा कचरा नसणं हे स्वतःच सांगतं की लोक तिथे ठरवून जात होते. घरातल्या खड्ड्यांबद्दल मात्र मी थांबले. मातीच्या वड्या हडप्पा संस्कृतीत जिथे तिथे सापडतात, चुलींत, मोऱ्यांत, जमिनीच्या भरावात. मध्ये ठोकळा आणि भोवती वड्या ही रचना भांडं टेकवायला आणि उष्णता धरून ठेवायलाही चालते. आकार ओट्यावरच्या खड्ड्यासारखा आहे म्हणून कामही तेच, हा तर्क उलटाही फिरवता येतो.

हा वाद आकारावरून सुटणारच नाही, तो राखेतून सुटेल. लिकाइऑनला राख चाळली, हाडांचे भाग मोजले, राखेचे अखंड ठोकळे राळेत घट्ट करून केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कालीबंगाच्या खड्ड्यांच्या प्रकाशित वर्णनांत राख आणि कोळसा आहे एवढं मिळतं, राखेत काय होतं याचा तसा हिशेब मिळत नाही. एखाद्या हडप्पा स्थळावर असा खड्डा नव्याने उघडला गेला तर काय करायचं ते मी निबंधाच्या अखेरीला लिहिलं. खड्डा मधोमध दुभागायचा, एक अर्धा तसाच ठेवून त्याचा छेद काढायचा. राख पाण्यात घोळवून वर तरंगणारे जळके दाणे वेगळे करायचे, उरलेलं बारीक चाळणीतून काढायचं. घराच्या खड्ड्यात जळालेले धान्याचे दाणे, माशांचे काटे, सगळ्या प्रकारच्या हाडांचे किरकोळ तुकडे असतील आणि आग खड्ड्यात पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या तापमानाला पेटली असेल, तर ती चूल. ओट्यावरच्या खड्ड्यात एकाच प्रकारचं सरपण, एकाच प्रकारचा ऐवज आणि अन्नाच्या कचऱ्याचा अभाव दिसला, तर ती रांग विधीची. आणि दोन्हीकडची राख सारखीच निघाली, तर हडप्पाच्या लोकांनी घरातली आगही पवित्र मानली असेल किंवा ओट्यावर स्वयंपाकच होत असेल. त्यातलं काय, ते ठरवायला खड्ड्याच्या बाहेरची जमीन, तिथे सांडलेलं अन्न आणि फुटलेली भांडी मोजावी लागतील.